पगार एजन्सीचा, काम कारखान्याचं: मग मालक कोण?

प्रश्न: नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सहा वर्षं लूमवर आहे. पहिली एजन्सी अडीच वर्षं होती, दुसरी साडेतीन वर्षं, आता तिसरी येतीय. काम तेच, खातं तेच, सुपरवायझर तोच. दुसऱ्या एजन्सीनं शेवटचा पगार दिला नाही आणि दोन महिन्यांचा पी.एफ. भरलेला दिसत नाही. कंपनीत विचारलं तर म्हणतात, तुम्ही आमचे नाहीच, एजन्सीला विचारा. नवी एजन्सी म्हणते, आधी जुन्या एजन्सीचा राजीनामा लिहून द्या, मग फॉर्म भरू. माझा खरा मालक कोण?

उत्तर:

तुमच्या लिहिण्यात दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकले आहेत आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत. अडकलेला पगार आणि पी.एफ. कोणी द्यायचा, हा पहिला. त्यात कायदा तुमच्या बाजूनं बराच स्पष्ट आहे. एजन्सीनं दिलं नाही तर कंपनीनं द्यायचं. त्यासाठी तुम्ही ‘कंपनीचे’ आहात हे सिद्ध करायची गरजच नाही. सहा वर्षांची नोकरी कोणाच्या खात्यावर मोजायची, कायम कोणी करायचं, हा दुसरा प्रश्न. तिथं मात्र पुरावा लागतो, आणि निकाल विरोधातही जाऊ शकतो. मी सोलापुरात कामगार न्यायालयात वकिली करतो. कामगारांची प्रकरणं चालवतो, काही कारखान्यांना सल्लाही देतो. दोन्हीकडची माणसं हे दोन प्रश्न एकत्र करतात आणि मग सहज मिळणारा पैसा अवघड भांडणात अडकून पडतो. म्हणून आधी पैशाचं बोलू.

कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा होता तेव्हापासून नियम असा आहे की पगार देण्याची पहिली जबाबदारी कंत्राटदाराची. त्यानं दिला नाही किंवा कमी दिला, तर मुख्य मालकानं, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालतं त्यानं, तो द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात जुना कायदा विलीन झाला. पण हा नियम तसाच पुढे आला आहे. तेव्हा ‘तुम्ही आमचे नाहीच’ हे वाक्य पगाराच्या बाबतीत उत्तरच होत नाही. हा नियम मुळात जे थेट कंपनीचे नाहीत त्यांच्यासाठीच केलेला आहे.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे आणि ती वेळेवर अवलंबून आहे. एजन्सी बदलते तेव्हा जुन्या एजन्सीचं शेवटचं बिल आणि बहुतेक वेळा काही अनामत रक्कम कंपनीकडे पडून असते. तोवर कंपनीला तुमचा पगार देणं जड जात नाही, कारण वळता करून घ्यायला हातात पैसे असतात. एकदा ते बिल चुकतं झालं की कंपनीला खिशातून द्यावं लागतं आणि मग तीच कंपनी कोर्टापर्यंत ताणते. म्हणून आजच कंपनीच्या मॅनेजरच्या नावानं अर्ज लिहा. त्यात एजन्सीचं नाव, थकलेला महिना, हजेरीचे दिवस, ओव्हरटाइमचे तास आणि एकूण रक्कम घाला, आणि एक ओळ स्पष्ट लिहा: एजन्सीचं अंतिम बिल देण्याआधी आमचा थकलेला पगार द्यावा. एक प्रत एजन्सीला पाठवा, एक सहायक कामगार आयुक्तांच्या सोलापूर कार्यालयात आवक नोंद करून द्या. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद सोडू नका. तुमच्यासारखे आणखी दहा-बारा जण असतील तर सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज आणि सोबत प्रत्येकाच्या रकमेचा तक्ता, हे जास्त चालतं.

आता पी.एफ. इथंही योजनेत लिहिलेलं आहे की कंत्राटदारामार्फत लावलेल्या कामगारांचे दोन्ही हिस्से भरले जाण्याची जबाबदारी मुख्य मालकाची. फक्त एजन्सीचा स्वतःचा पी.एफ. कोड असेल तर पी.एफ. कार्यालय बहुधा आधी तिच्याकडे विचारणा करतं आणि त्यात वेळ जातो. म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं घाला. तक्रार epfigms.gov.in या संकेतस्थळावर करता येते, सोलापूरच्या पी.एफ. कार्यालयात लेखीही देता येते.

पण तक्रारीआधी पासबुक नीट वाचा. त्यात तीन रकाने असतात: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. समजा ज्यावर पी.एफ. कापतात तो पगार १३,५०० रुपये आहे. त्याचे १२ टक्के म्हणजे १,६२० रुपये तुमच्या पगारातून जातात. मालकानंही तेवढेच १,६२० घालायचे असतात, पण त्यातले ८.३३ टक्के म्हणजे १,१२५ रुपये पेन्शनच्या रकान्यात पडतात आणि उरलेले ४९५ मालकाच्या रकान्यात. बरेच जण ४९५ बघून मालकानं कमी भरलं असं समजतात. तसं नाही, दोन्हींची बेरीज बघायची. खरी लबाडी दुसरीकडे असते. पगारस्लिपमध्ये पी.एफ.खाली ३,२४० रुपये कापलेले दिसले, तर एजन्सी मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून घेते आहे. ‘तुमचा पगार सीटीसीवर ठरलाय’ असं त्यावर सांगतात. ठरवून घेतलं तरी मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. सहा वर्षांतल्या जेवढ्या स्लिपा सापडतील तेवढ्या पासबुकाशी ताडून बघा. थकलेले दोन महिने कदाचित सगळ्यात लहान रक्कम निघेल.

ई.एस.आय. आणि अपघाताच्या बाबतीतही कंपनीला हात झटकता येत नाहीत, आणि दुप्पट दरानं ओव्हरटाइम देण्याचा नियम कंत्राटी कामगारालाही लागू आहे. तुमचा प्रश्न त्याबद्दल नाही म्हणून इथं थांबतो.

आता अवघड भाग. कंपनीनं एजन्सीशी केलेला करार खरा आहे की नुसता कागदावरचा, यावर सगळं ठरतं. करार खरा असेल तर तुम्ही एजन्सीचे कामगार. करार दिखाऊ असेल, म्हणजे माणूस कंपनीनंच ठेवलाय आणि मध्ये एजन्सीचं फक्त नाव आहे, तर तुम्ही पहिल्या दिवसापासून कंपनीचे. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली केरळातल्या एका दोरखंड कारखान्याच्या प्रकरणात सांगितलं होतं की कामगाराचं पोट ज्याच्या हातात आहे तो मालक, मधले पडदे बाजूला सारून बघा. त्या निकालावर पुष्कळ कामगारांना न्याय मिळाला. पुढे २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ठरवलं की सरकारनं एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मुख्य मालकाचा होत नाही. करार दिखाऊ आहे असं पुराव्यानं सिद्ध झालं तरच होतो, आणि तो पुरावा औद्योगिक न्यायाधिकरणानं तपासायचा.

पुरावा कशाचा? इथं बहुतेक कामगारांची अपेक्षा एका गोष्टीवर असते: ‘साहेब, काम तर कंपनीचा सुपरवायझरच सांगतो.’ दुर्दैवानं एवढ्यावर भागत नाही. २००९ च्या विमानतळ प्राधिकरणाच्या निकालात न्यायालयानं समजावून सांगितलंय की माणसं पुरवण्याचाच करार असेल तर कुठल्या मशीनवर उभं राहायचं आणि काम कसं करायचं हे जिथं माणूस पाठवला ती कंपनीच सांगणार. हा दुय्यम ताबा झाला. मूळ ताबा कोणाकडे ते बघायचं, म्हणजे या माणसाला कुठं पाठवायचं, किती दिवस ठेवायचं, परत बोलवायचं की नाही, हे कोण ठरवतं. २०१४ मध्ये एअर इंडियाच्या कँटीन कामगारांच्या प्रकरणात न्यायालयानं बघायच्या गोष्टी सांगितल्या: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तीची कारवाई कोण करतं, नोकरी सलग आहे का, आणि ताबा किती पूर्ण आहे.

हे तुमच्यावर लावून बघू. एजन्सी दोनदा बदलली आणि तुम्ही त्याच खात्यात तेच काम करत राहिलात, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू. खरी एजन्सी जाताना आपली माणसं दुसरीकडे लावते, निदान लावायचा प्रयत्न करते. इथं एजन्सी आली आणि गेली, माणसं तिथंच. म्हणजे माणसं एजन्सीची नव्हती असा अर्थ निघू शकतो. पण यावर कंपनीचा वकील म्हणणार की नव्या एजन्सीनं अनुभवी माणसं घेतली, त्यात गैर काय? म्हणून याला जोड लागते. सहा वर्षांपूर्वी तुमची मुलाखत कोणी घेतली? एजन्सीच्या ऑफिसात, की कंपनीच्या विव्हिंग मास्टरनं लूमवर उभं करून, तुटलेला धागा जोडायला लावून? पगारवाढ झाली तेव्हा आकडा कोणी ठरवला? रजेचा अर्ज कोणाच्या सहीनं मंजूर होतो? कोणाला घरी बसवलं असेल तर ‘उद्यापासून येऊ नको’ हे कोणी सांगितलं?

एक प्रकरण सांगतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका डाइंग युनिटमधला कामगार होता. एजन्सीचं ओळखपत्र, एजन्सीच्या खात्यातून पगार, सगळं कागदोपत्री चोख. त्याच्याकडे रजेच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता आणि एक कारणे दाखवा नोटीस. रंगाची एक बॅच बिघडली म्हणून ती नोटीस दिलेली होती. लेटरहेड कंपनीचं, खाली सही फॅक्टरी मॅनेजरची, आणि शेवटी वाक्य होतं: ‘आपणास कामावरून का कमी करू नये याचा खुलासा ४८ तासांत करावा.’ ज्याचा माणूस नाही त्याला कामावरून कमी करण्याची नोटीस कंपनी कशी देते? उलटतपासणीत मॅनेजरला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. एजन्सीच्या मालकाला विचारलं तर त्याला ती नोटीस माहीतच नव्हती. नेमणूक, पगार ही कागदावरची बाजू एजन्सीकडे होती, पण काढण्याचा आणि शिस्तीचा अधिकार प्रत्यक्षात कोणाकडे आहे हे त्या एका कागदानं दाखवलं. तडजोडीत त्याला कंपनीच्या हजेरीपटावर घेतलं.

उलटं चित्रही डोळ्यांसमोर ठेवा. माझ्या माहितीत साफसफाईची एक एजन्सी आहे. तिचा स्वतःचा सुपरवायझर रोज हजेरी घेतो, माणूस आला नाही तर बदली पाठवतो, आज या कारखान्यात असलेल्याला उद्या दुसरीकडे लावतो, कंपनीचं बिल थकलं तरी पगार सात तारखेच्या आत करते, चूक झाली तर चौकशी स्वतः करते. अशा ठिकाणी कामगार कितीही वर्षं एकाच गेटमधून आत गेला तरी तो कंपनीचा होणार नाही. तुमची एजन्सी या दोहोंत कुठं बसते हे तुमच्या कागदांवरून कळेल, माझ्या अंदाजावरून नाही.

आणखी एक समज सांगायला हवा, कारण सोलापुरात तो गेटवर, चहाच्या टपरीवर सगळीकडे ऐकू येतो: २४० दिवस भरले की कायम. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत तात्पुरत्या आणि बदली कामगाराला २४० दिवसांनंतर कायम करण्याची तरतूद होती हे खरं. पण ते २४० दिवस ज्या मालकाकडे भरले त्याच मालकाविरुद्ध मोजले जातात. कंपनी तुमची मालक आहे हे आधी ठरल्याशिवाय हा आकडा कंपनीविरुद्ध वापरता येत नाही. तसंच नव्या संहितेत मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला काही अपवाद सोडून बंदी आहे. टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवणं हे मुख्य काम, तर झाडलोट, कँटीन, राखणदारी ही सर्वसाधारणपणे मुख्य कामात मोजत नाहीत. हा मुद्दा तुम्ही जरूर मांडा. पण बंदी मोडली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, हे २००१ च्या निकालाचं तत्त्व विसरू नका. मुख्य आधार दिखाऊ कराराचाच ठेवा.

आता जायचं कुठं. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली औद्योगिक न्यायालयात थेट तक्रार करता येते. लवकर मनाई हुकूम मिळतो म्हणून कामगारांचा आणि काही वकिलांचाही ओढा तिकडे असतो. तुमच्यासाठी ती वाट बंद आहे. सिप्ला कंपनीच्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर त्या कायद्याखाली तक्रार चालत नाही. आधी ते नातं औद्योगिक विवादाच्या मार्गानं सिद्ध करून आणा. कंपनी पहिल्या तारखेलाच ‘हा आमचा कामगार नाही’ असं लिहून देते आणि तक्रार शेवटी त्याच मुद्द्यावर संपते. त्यात काही वर्षं गेलेली असतात आणि तोवर साक्षीदार पांगलेले असतात. योग्य वाट अशी: युनियनमार्फत किंवा तुम्ही सगळ्यांनी मिळून कंपनीला मागणीपत्र द्यायचं की एजन्सीचा करार दिखाऊ आहे, आम्हाला सुरुवातीच्या तारखेपासून कंपनीचे कामगार म्हणून मान्य करा, मग सहायक कामगार आयुक्तांकडे समेटाची कारवाई, आणि तिथं मिटलं नाही तर न्यायाधिकरण. हे लवकर सुरू करा, कारण नव्या संहितेत वाद उपस्थित झाल्यापासून दोन वर्षं उलटली की समेटाची कारवाईच होत नाही. थकलेल्या पगाराचा अर्ज या मागणीपत्रात मिसळू नका. तो वेगळा ठेवलात तर त्याचा निकाल आधी लागेल, आणि त्या कामात कंपनी जी कागदपत्रं दाखल करेल ती पुढच्या लढाईत कामाला येतील.

शेवटी राजीनाम्याचं, कारण ते तुमच्यापुढे आजच उभं आहे. ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. पहिली एजन्सी अडीच वर्षं, दुसरी साडेतीन वर्षं. दोन्हीकडे राजीनामे असतील तर सहा वर्षं काम करून कोणाचंच देणं लागत नाही असा हिशेब मांडला जाईल. उद्या करार दिखाऊ आहे असं तुम्ही म्हणालात तर कंपनी तुमच्याच सहीचे कागद पुढे ठेवेल: यांनी स्वखुशीनं एक नोकरी सोडली आणि दुसरी धरली. म्हणून ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ आणि ‘सर्व हिशेब मिळाला, काही येणं बाकी नाही’ या दोन ओळींवर सही करू नका. दुसरी ओळ तर तुमच्या बाबतीत सरळ खोटी आहे.

पण चूल बंद पडेल म्हणून सही केल्याशिवाय गत्यंतर नसतं, हेही मला माहीत आहे. तसं असेल तर नव्या एजन्सीचा फॉर्म भरा, मात्र राजीनाम्याऐवजी एक साधं पत्र द्या: ‘कंपनीने एजन्सी बदलल्यामुळे माझे नाव नव्या एजन्सीकडे घेतले जात आहे. मी काम सोडलेले नाही. मी अमुक तारखेपासून याच कारखान्यात, याच खात्यात सलग काम करत आहे. जुन्या एजन्सीकडील पगार व पी.एफ. येणे बाकी आहे.’ ते घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी दोन्ही एजन्सींना आणि कंपनीला स्पीड पोस्टानं पाठवा. छापील राजीनाम्यावर सही घेतलीच, तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि ती सही कोणत्या अटीवर घेतली हे दुसऱ्या दिवसाच्या आत सहायक कामगार आयुक्तांना लेखी कळवा. नव्या फॉर्मवर रुजू होण्याची तारीख तेवढी बघा. आधीचा शेवटचा दिवस आणि ही तारीख यात मुद्दाम आठ-पंधरा दिवसांचं अंतर टाकलेलं असेल, तर त्या दिवसांत तुम्ही कामावर होता हे दाखवणारं काहीही, गेटची नोंद, शिफ्टचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, उत्पादनाच्या वहीतला तुमच्या लूमचा आकडा, त्याचा फोटो आत्ताच घ्या. एजन्सी बदलली की जुन्या वह्या पुन्हा हाताला लागत नाहीत.